झाकणाचं रबर

मुळात ते डबे वापरायचेच नव्हते. हे मला कुणी सांगायची गरज नाही, रविवारपासून मी स्वतःलाच सांगतेय.

डबे हॉस्पिटलचे होते. कॅन्सरच्या वॉर्डातल्या सिस्टरबाईंनी शुक्रवारी वीस डबे माझ्या हातात दिले. पारदर्शक प्लॅस्टिकचे, चारही बाजूंनी खटके, झाकणाच्या आत रबराची कड. "मंगळवारी अकरा वाजता यांत मऊ भात, उकडलेली भाजी आणि थंड कस्टर्ड आणा," त्या म्हणाल्या. "चव जरा कमी असली तरी चालेल. पण वास नको. औषधांनी या माणसांची नाकं इतकी हुळहुळी झालीत की डब्याला लसणाचा नुसता भपकारा आला तरी पोटातलं सगळं बाहेर येतं. मागच्या बाईचं काम त्यावरूनच बंद केलं."

काम मिळालं तर रोजचे वीस डबे. मी सात वर्षं घरून जेवण पुरवतेय. वाढदिवस, बारशी, कुणाच्या घरी पाहुणे. आज आहे, उद्या नाही. बांधलेलं काम मला पहिल्यांदाच मिळत होतं.

आणि रविवारी मी काय केलं? गल्लीतल्या एका वाढदिवसाला मासे द्यायचे होते, भरपूर लसूण घालून. माझे डबे कमी पडले. समोर हे वीस दिसले. म्हटलं, धुऊन ठेवू, कुणाला कळतंय! संध्याकाळी डबे परत आले, मी कडकडीत पाणी ओतून घासले, खटाखट झाकणं लावली आणि कपाटात रचून मोकळी झाले.

सोमवारी सकाळी ह्यांनी कपाटातून साखर काढली आणि मागे वळून विचारलं, "कपाटात मासे ठेवलेस का गं?"

एक डबा उघडून मी नाक आत घातलं. काहीच नाही. दुसरा, तिसरा. काही नाही. पण त्यात नवल ते काय, मला कशाचाच वास येत नाही.

चार महिन्यांपूर्वी मला आठ दिवस ताप आला. ताप गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. साबण, उदबत्ती, करपलेली भाजी, सगळं सारखंच. जिभेला तिखट, मीठ, आंबट, गोड कळतं, बाकी सगळा भुसा. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. स्वयंपाक करून पैसे घेणाऱ्या बाईला वास येत नाही, हे गावभर झालं तर कोण देईल ऑर्डर? घड्याळ बघून फोडणी करते, रंग बघून कांदा काढते. आजवर निभलं.

"तुमचं आपलं काहीतरीच," मी ह्यांना म्हटलं. ते ड्यूटीवर गेले आणि मी सगळे डबे मोरीत ओतले.

सोडा घातला, त्यावर व्हिनेगर ओतलं. असा फेस आला म्हणता, बघून वाटलं, आता काय राहतंय! घासले, धुतले, नाक घातलं. काही नाही. पुन्हा घासले. गेला की आहे? हे कुणाला विचारायचं? बोटं हुंगली. सकाळीच लसूण सोलला होता, बोटांना वास असणारच. स्टीलच्या पळीवर हात घासले, लिंबू चोळलं, चिरलेलं बोट असं झोंबलं की डोळ्यांतून पाणी आलं. गेला का वास? देव जाणे. बसले, उठले, पुन्हा डबे मोजले. वीसचे वीसच होते, ते कुठे जाणार!

शेवटी मांजराला धरलं. हे मांजर शेजारचं, पण आमच्याच खिडकीतून येतं, कारण आमच्या स्वयंपाकघराची खिडकी कोण उघडी टाकतं कोण जाणे. मागच्या महिन्यात दूध गॅसवर ठेवून मी बाहेरच्या खोलीत फोनवर बोलत बसले. येऊन बघते तर गॅस बंद, दूध ओट्यावर उतू गेलेलं, दोन्ही खिडक्या सताड उघड्या आणि हे साहेब पातेल्यात तोंड घालून. तेव्हा त्याला लाटणं फेकून मारलं होतं. आज पुढ्यात डबा ठेवला. त्यानं डबा हुंगला, सोडला. मला हायसं वाटलं. मग त्यानं झाकण हुंगलं आणि कडेकडेनं चाटायला लागलं.

म्हणजे आहे का नाही? डब्यात नाही आणि झाकणात आहे, असं कधी असतं का?

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. थोरल्या जाऊबाई. बादली घेऊन.

आमचं घर एकच. त्या खाली, आम्ही वर, आणि गच्चीचा जिना माझ्या स्वयंपाकघराच्या दारावरून जातो. चार महिने आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो, पण महिनाभर ह्या बाई दिवसातून चार वेळा बादली घेऊन वर. खाली माणसं दोन, कपडे चार वेळा! आणि जाता येता माझ्या दारातून आत नजर. मी ह्यांना म्हणायचे सुद्धा, तुमच्या वहिनींना माझ्या घरात काय शिजतंय याची फार पंचाईत.

अबोल्याचं कारणही वासच. तापातून उठल्यावर पहिल्याच आठवड्यात त्या दारात थांबून म्हणाल्या होत्या, "अगं, तुझ्या डब्यांना वास मारतोय, गिऱ्हाईक तुटेल." मला तर काही येत नव्हता. नाक गेलंय हे तोवर माझं मलाच उमगलं नव्हतं. मला वाटलं, आल्या नाकानं कांदे सोलायला. आणि मी बोलून गेले, "मासळीबाजारात वाढलेल्यांनी मला वास शिकवू नये."

त्यांचे वडील मासे विकायचे. त्या बादली उचलून खाली गेल्या. पुढे आठ दिवसांत मला कळलं की त्यांचं खरं होतं. मी माफी मागितली का? नाही. माफी मागायची तर नाकाचं सांगावं लागलं असतं. आणि खरं सांगू का, लाजही वाटत होती.

आता त्या दारासमोरून निघाल्या होत्या. उद्या अकरा वाजायला एक दिवस उरला होता.

"वहिनी," मी हाक मारली. "जरा हे हुंगून सांगता का?"

त्या थांबल्या. माझ्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. "तूच हुंग की. तुला नाक आहे."

"नाही," मी म्हटलं. "नाहीये. तापापासून नाहीये. तुम्ही त्या दिवशी खरं बोलत होतात आणि मी... मी फार वाईट बोलले. तुमच्या वडिलांवर गेले. मला क्षमा करा."

आणि मी रडायला लागले, मोरीत, हातात झाकण धरून. इतकी शरम आयुष्यात वाटली नव्हती.

वहिनींनी बादली खाली ठेवली. "रडतेस काय. सरक." त्यांनी डबा घेतला, नाकाशी नेला. "डबा बरा आहे, थोडा वास राहिलाय." झाकण नाकाशी नेलं आणि मान मागे घेतली. "अगं बाई! इथे बसलाय चोर." केसातली पिन काढून त्यांनी रबराची कड उचकटली. खाली खाचेत पिवळं, चिकट तेल साचलेलं. मी बघतच राहिले.

"धुताना कशानं धुतलेस?"

"उकळत्या पाण्यानं. आणि आज सोडा नि व्हिनेगर."

"दोन्ही एकदम?" त्यांनी कपाळाला हात लावला. "फेस बघायला छान असतो. पण आंबट आणि सोडा एकमेकांना मारून मोकळे होतात, वास आपला जागच्या जागी. आमच्याकडे मासळीच्या टोपल्या नि फळ्या आधी गार पाण्यानं धुवायचे. उकळतं ओतलंस की मासळीचं जे काही असतं ते तिथेच शिजून चिकटतं. आणि ओल्या डब्याला झाकण लावलंस? मग वास जाणार कुठून, बिचारा?"

विसाच्या वीस झाकणांची रबरं आम्ही पिनेनं काढली. गार पाण्यातून काढून मग कोमट पाणी आणि साबण, दात घासायच्या जुन्या ब्रशनं खाचा घासल्या, दोनदा, कारण तेल गेल्याशिवाय वास सुटत नाही. मग व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून ठेवले, ते मासळीसाठी. ते धुऊन टाकल्यावर सोड्याचं पाणी, वेगळं, ते लसणासाठी. मग रबरं सोडून बाकी सगळं गच्चीवर उन्हात, तोंडं उघडी.

"कस्टर्डमधली फळं कशावर चिरणार?"

मी लाकडी फळी दाखवली. त्यांनी ती हुंगून नाक मुरडलं. "यावर सफरचंद चिरलंस तर त्या माणसांना कांदाच खायला घालशील." जाडं मीठ पसरून अर्ध्या लिंबानं फळी रेघेरेघेनं घासली, गार पाण्यानं धुतली आणि उन्हात उभी करून ठेवली. "आडवी ठेवू नकोस, खालून ओली राहते. आणि उद्यापासून फळांची फळी वेगळी."

मग माझे हात धरले आणि हुंगले. मला अगदी शाळेतल्यासारखं झालं. "पळीवर घासलेस ना? थोडा गेलाय. नखांत आहे." नखं कापायला लावली, मिठानं बोटं चोळायला लावली. पुन्हा हुंगलं. "आता बरं."

रबरं रात्रभर सोड्यात राहिली. मंगळवारी सकाळी वहिनींनी एकेक डबा, एकेक झाकण नाकाशी धरलं. तीन झाकणं परत पाठवली. मी वाद घातला नाही, माझ्याकडे वाद घालायला होतंच काय! तिसऱ्या खेपेला त्यांनी मान हलवली, तेव्हा कुठे मी कस्टर्ड भरलं.

वॉर्डात सिस्टरबाईंनी पहिला डबा उघडला, वाकल्या. मग त्यांनी तो खिडकीजवळच्या एका बाईंपुढे ठेवला. डोक्याला रुमाल, मनगटं काडीसारखी. त्या बाईंनी आधी झाकणच नाकाशी नेलं. अगदी वहिनींसारखं. मग चमचा घेतला. एक, दोन, तीन. अर्धं कस्टर्ड संपलं.

"कसलाच वास नाही," त्या म्हणाल्या, आणि हसल्या.

चार महिने हेच शब्द मी मनात म्हणत रडत होते. त्यांच्या तोंडून ऐकताना मीही हसले. सिस्टरबाई म्हणाल्या, "उद्यापासून या."

घरी पोचले तर वहिनी जिना चढत होत्या, बादली घेऊन. मी धावत जाऊन बातमी सांगितली आणि म्हटलं, "द्या इकडे, आज मी वाळत घालते." त्या बादली सोडेनात. मी ओढली. आत एकच टॉवेल होता, पिवळा. खडखडीत वाळलेला.

"हे काय?"

"अगं, असू दे."

"वहिनी, वाळलेला टॉवेल वाळत घालायला निघालात?"

त्या पायरीवर टेकल्या. "मागच्या महिन्यात तुझं दूध उतू गेलं. ज्योत विझली होती आणि गॅस सुरूच. सगळ्या जिन्यात वास, आणि तू बाहेरच्या खोलीत हसत फोनवर. मी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. तेव्हाच समजले, हिला येत नाहीये. बोलायची सोय नव्हती. मग म्हटलं, येता जाता हुंगून जावं. त्यानंतर आणखी एकदा तसंच झालं, तेव्हाही गॅस मीच बंद केला."

मी त्यांच्या खालच्या पायरीवर बसले. ह्याच बाईला मी मासळीबाजारातली म्हटलं होतं, आणि ही चार चार वेळा जिना चढून मला जिवंत ठेवत होती. मांजर आमच्या दोघींच्या मधून वर गेलं.

मग मी टॉवेलची घडी घातली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली.

"उद्यापासून हा आणू नका," मी म्हटलं. "नुसत्याच या."