चार बोटं पाणी

सोलापुरातल्या खानावळवाल्या गुरप्पाने दुष्काळ सरल्यावर अंगणात सिमेंटची टाकी बांधायला काढली. गवंडी सिद्राम म्हणाला, "तळाला उतार देतो अन् उताराच्या टोकाला, अगदी तळाशी, धुण्याचा पाइप काढतो. त्याचा कॉक सोडून वरून पाणी मारलं की गाळ आपोआप भाईर. आत उतरायचं कामच न्हाय."

"नळाचा पाइप तर चार बोटं वर बसवलास. ह्योबी तेवढाच वर घे. थेंब वाया गेला न्हाय पायजे."

"मालक, नळात गाळ शिरू नये म्हणून त्यो वर. ह्यो गाळ काढायलाच की."

दुष्काळात घागरीसाठी रांगेत उभा राहिलेला गुरप्पा थोडाच ऐकतोय. पाइप चार बोटं वरच बसला.

सहा महिन्यांनी पाण्याला वास यायला लागला. जुनी टाकी वर्षानुवर्षं तांब्याने उपसून कंबर मोडलेल्या चन्नम्माने, त्याच्या बायकोने, हौसेने कॉक सोडला. वरचं चांगलं पाणी खळाळत गटारात गेलं आणि गाळ तेवढा खाली राहिला.

चन्नम्माने तांब्या आणि फडकं नवऱ्याच्या हातात दिलं. गुरप्पा पोट आत ओढून टाकीत उतरला. विसाव्या बादलीला आतून आवाज आला, "सिद्रामला बोलव गं. पाइप खाली घ्यायला सांग."

"बोलावते की," चन्नम्मा वरून म्हणाली. "आधी ते चार बोटं पानी गाळून वर द्या. थेंब वाया गेला न्हाय पायजे."