दोन मोकळ्या जागा

सौंसर सोडून चाललेला वीरेंद्र जिंकला तर 'गो' या सोंगट्यांच्या खेळाचा पट त्याच्यासोबत सावरगावला जाणार होता, नाहीतर सौंसरच्या वाचनालयातच राहणार होता. तिथे हा खेळ खेळणारे आम्ही दोघंच होतो.

कोपऱ्यात त्याच्या पांढऱ्या आणि माझ्या काळ्या सोंगट्यांचे गट एकमेकांत अडकले होते. मध्ये दोनच सामाईक जागा मोकळ्या होत्या. तिथे जो आधी सोंगटी ठेवेल, त्याचाच गट पुढच्या चालीत मरणार होता. बाकी पटावर आता खेळण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"ठेवा न गुरुजी. भिऊन राहिले काय?" तो म्हणाला.

दोघांनी घेरलेल्या जागा मी तीनदा मोजल्या, तरी स्वतःवर विश्वास बसेना. शेवटी म्हणालो, "पास."

त्याने कोपऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तोही म्हणाला, "पास."

लागोपाठ दोघांनी चाल सोडली की डाव संपतो; पांढऱ्याला मागून सुरुवात करण्याबद्दल मिळणारे साडेसहा गुण धरूनही मी अर्ध्या गुणाने जिंकलो.

"ठेवा पट," तो उठत म्हणाला. "खेळसान कोणासंग?"