कडी कुणीकडं

दसऱ्याच्या साफसफाईला आमच्या मास्तरांनी नव्या सरकत्या खिडकीचे पल्ले काढायला घेतले. बीदरच्या आमच्या गल्लीत ॲल्युमिनियमची खिडकी ही पहिलीच, म्हणून दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाई!

बराच वेळ ते पल्ला नुसता आपल्याकडं ओढायलेत. शेवटी मला राहवलं न्हाई. "अवो, आधी वर उचला. वरच्या चरात जागा आहे. खालची कड सुटली की आत घ्या."

आतला पल्ला निघाला, मग बाहेरचाही तसाच आत आला. चरातली माती मी ब्रशनं काढली, त्यांनी काचा धुतल्या.

"बसवताना कुठली बाजू आत, ते नीट बघा."

"मला कळत न्हाई व्हय? गणित शिकवतो मी!"

आधी बाहेरचा, मग आतला पल्ला त्यांनी वरच्या चरात घालून खाली सोडला. दोन्ही कसे अलगद सरकायला लागले. चहा मागून मास्तर ऐटीत खुर्चीत बसले.

तेवढ्यात खिडकी आपोआप उघडली आणि गल्लीतून शेजारच्या राजूबाईनं डोकं आत घातलं. बाहेरचा पल्ला उलटा बसला होता. त्याची आतली कडी आता गल्लीकडं, तिच्या हातात होती.

"अक्का," ती मला म्हणाली, "आता तुमी खुशाल माहेरी जावा. खिडकीची उघडझाप आमी बघताव."

मास्तर खुर्चीतून उठले. ह्या बारीला मात्र पल्ला आधी वर उचलला.