परवानगीची मुदत

ठमीच्या बाबांनी अख्ख्या महिन्यात एक पैसाही खर्च केला नाही, आणि ठमीला त्याचं चक्क कौतुक वाटलं. कौतुक वाटून ती गप्प बसली असती तरी चाललं असतं. तिने रात्रीच्या जेवणात नवऱ्याला फोन दाखवला. पडद्यावर हिरवंगार वर्तुळ होतं आणि खाली लिहिलं होतं, 'या महिन्याचा खर्च मर्यादेत आहे.'

"बघ, याला म्हणतात काटकसर. शीक काहीतरी," ती म्हणाली.

नवऱ्याने घास खाली ठेवला. "तुझे वडील काय हवा खाऊन जगतात का गं?"

ठमी म्हणजे कुणी लहान मुलगी नव्हे. चाळिशी ओलांडलेली, कारखान्यात चारशे माणसांच्या पाळ्या लावणारी बाई. तिच्यापुढे भलेभले चळाचळा कापत. 'ठमी' हे नाव फक्त बाबांच्या तोंडी उरलं होतं. आई गेल्यानंतर बाबा दोनदा विजेचं बिल भरायला विसरले, दोन्ही वेळा अंधारात बसले, तेव्हा तिने त्यांचं बँकखातं या खर्चाच्या अ‍ॅपला जोडून घेतलं होतं. अ‍ॅपला खात्यातला पैसा हलवता येत नसे, नुसतं बघता येई. तेवढं पुरे होतं. सकाळी पावाची नोंद दिसली की बाबा उठले, दुपारी वाचनालयाशेजारच्या चहाची दिसली की बाबा फिरून आले. आधी ती रोज फोन करायची. मग दोन दिवसांनी, मग रविवारी. पुढे कारखान्यात कामाचा डोंगर उभा राहिला, रविवारचा फोन सुटला आणि ती नोंदीही बघेनाशी झाली. वर्तुळ हिरवं आहे ना, मग झालं.

नवऱ्याने पडदा वर सरकवला. तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'बँकेशी जोडणी बंद आहे. परवानगीची मुदत संपली. पुन्हा परवानगी घ्या.' ती परवानगी वर्षभराचीच होती. मुदत संपली तशी अ‍ॅपला नवी नोंद मिळेनाशी झाली, आणि नोंदच नाही म्हणजे खर्च शून्य. मुदत संपत असल्याच्या सूचना अ‍ॅपने पाठवल्याही होत्या. ठमीने त्या सवलतींच्या जाहिरातींबरोबर सपासप बाजूला सारल्या होत्या. असली बावळट चूक कारखान्यात कुणी केली असती तर तिने त्याला उभा-आडवा घेतला असता.

तिने लगेच बाबांना फोन लावला.

"बोला," बाबा म्हणाले. ठमे नाही, कशी आहेस नाही, नुसतं बोला.

"बाबा, मी इथून बँकेची परवानगी मागते. तुमच्या फोनवर एक आकडा येईल, तो मला वाचून दाखवा."

"नाही दाखवणार."

"अहो, मी आहे!"

"आवाजाची नक्कल करतात हल्ली. फोनवर कुणालाही आकडा सांगायचा नाही, अगदी मी मागितला तरी नाही, असं माझ्या मुलीनेच सांगितलंय. बँकेचा पण एक संदेश आला होता परवानगी संपतेय म्हणून. तो पण मी पुसून टाकला." आणि फोन ठेवून दिला.

माणूस जन्मभर लोकांची कुलुपं दुरुस्त करत आलेला. त्याला किल्ली कुणाला द्यायची ते शिकवायची गरजच नव्हती, तरी ठमीने शिकवलं होतं. आता भोगा. पण तिला खटकलं ते वेगळंच. बाबांचा सूर परक्यासारखा होता. सुट्टीच्या दिवशी सकाळीच तिने बस पकडली.

बाबांनी दार उघडलं आणि ते तसेच स्वयंपाकघरात गेले. चहा ठेवला, तोही एकाच कपाचा. ते वाळले होते, सदरा खांद्यावरून ओघळत होता.

"बाबा, तब्येत बरी नाही का?"

"आता बरी आहे. खोकला गेला. छातीचं पण डॉक्टर म्हणाले, साफ आहे." ते चहाकडेच बघत होते. "तुला ठाऊकच असेल सगळं."

"मला कसं ठाऊक असणार?"

"का? दिसतं ना तुला तुझ्या त्या अ‍ॅपमध्ये? दवाखाना, तपासणी, औषधाचं दुकान. सगळीकडे मी कार्डच दिलं. मुद्दाम दिलं. म्हटलं, कामात असेल पोरगी. आपण कशाला फोन करून त्रास द्यायचा? दिसलं की करेल."

ठमी खुर्चीवर बसलीच. आपली काळजी पोचती झाली असं समजून तिने फोन करायचं सोडलं होतं, आणि आपलं आजारपण पोचतं झालं असं समजून बाबा फोनची वाट बघत पडून होते. मध्ये ते अ‍ॅप, आंधळं होऊन हिरवं हसत होतं.

"बाबा, काही दिसलं नाही मला. परवानगी संपली होती. महिनाभर एक नोंद आलेली नाही."

बाबांनी वळून पाहिलं. "एकही नाही?"

"शपथ."

"दवाखाना पण नाही?"

"नाही हो!"

बाबांचा चेहरा बघता बघता उजळला. इतके खूश झाले की ठमीला रडू यावं. "अगं मग तसं सांग ना! मला वाटलं, बघून गप्प बसलीस." त्यांनी घाईघाईने आणखी एक कप चहा टाकला. "आण तो फोन. कुठं काय करायचं?"

तिने 'पुन्हा जोडा' दाबलं. बँकेचं पान उघडल्यावर फोन बाबांच्या हातात दिला. बाबांनी तिच्याकडे पाठ करून आपला पासवर्ड टाकला. मग त्यांच्या फोनवर आकडा आला, तोही त्यांनी स्वतःच तिच्या फोनवर टिपला, तिला न दाखवता. मग चष्मा सावरून पान मोठ्याने वाचलं: कोणतं खातं, काय काय दिसणार, कधीपर्यंत.

"परत वर्षभरच?"

"हो. आणि तुम्हाला नको वाटलं तर मधेच बंद पण करता येतं."

"बंद कशाला करतोय," म्हणत त्यांनी 'मान्य' दाबलं.

चहा होईपर्यंत अडलेल्या नोंदी एकेक करून येऊ लागल्या. हिरवं वर्तुळ भरत भरत लाल झालं. ठमीने खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि प्रत्येक नोंदीवर बोट ठेवून विचारू लागली, आणि बाबाही रंगून सांगू लागले. ही टॅक्सी. त्या दिवशी जिना उतरताना दोनदा बसावं लागलं. ही तपासणी. सुई टोचणारी मुलगी फार गोड होती, आजोबा म्हणाली. ही औषधं, ही परत औषधं, हे सूप खालच्या उपाहारगृहातून मागवलेलं, पाणचट होतं.

"आणि हे काय? टॅक्सीच्या दुसऱ्याच दिवशी? फोनचं रिचार्ज? तुमचं तर अजून शिल्लक होतं."

बाबा कपात साखर ढवळत राहिले. साखर केव्हाच विरघळली होती.

"फोन येत नव्हता ना तुझा," ते म्हणाले. "म्हटलं, संपलं असेल."