सहा गाड्या खत

धाकट्या बहिणीला मी सहा गाड्या शेणखत पाठवलं, तेव्हा गावभर सांगत सुटले होते. नळावर सांगितलं, दुकानात सांगितलं, ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांनाही सांगितलं. तिचा नवरा छपरावरून पडून अंथरुणाला खिळलेला. घर चालायचं ते फक्त ओढ्यापलीकडच्या तिच्या काळ्या जमिनीवर. त्या जमिनीत आजवर टारफुल्याचा, म्हणजे ज्वारीच्या मुळावर जगणाऱ्या तणाचा, एक कोंब उगवलेला नव्हता. माझ्या रानात मात्र तो वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलाय. थोरली बहीण म्हणून मी हात आखडता घेतला नाही, याचं मला फार कौतुक वाटत होतं. माझं मलाच.

मी निष्काळजी बाई नाही. कुंपणावर अमरवेल चढली की मी पिवळे धागे ओढत बसत नाही, खालची फांदीच तोडते आणि सगळं जाळून टाकते. तिचा बोटभर तुकडा फांदीला राहिला तरी तो पुन्हा सालीत दात रोवतो आणि रस प्यायला लागतो. पण अमरवेल निदान डोळ्यांसमोर चोरी करते. टारफुला महिनाभर जमिनीखाली असतो. ज्वारीच्या मुळाचा वास लागला की त्याचं बी जागं होतं, मुळाला चिकटतं, आत शिरतं आणि पाण्याच्या नळीलाच आपली नळी जोडतं. वर कोंब दिसतो तोवर ज्वारीचं व्हायचं ते नुकसान होऊन गेलेलं असतं. वडील सांगायचे, फुलायच्या आत उपट, आणि फुललाच तर पोत्यात घालून रानाबाहेर नेऊन जाळ.

गेल्या हंगामात मला खुरपणीला उशीर झाला. टारफुला वीतभर वाढला, फुलला, बोंडंही धरली. त्यात चाऱ्याची टंचाई. हिरवंगार गवत जाळायचं माझ्या जिवावर आलं. जनावराच्या पोटात काय जिरत नाही, असं म्हणत मी भारेच्या भारे गोठ्यात टाकले. म्हशींनी मिटक्या मारत खाल्ले. त्यांचं शेण उकिरड्यावर गेलं, आणि तेच खत, धड कुजलेलंही नसताना, मी धाकटीला पाठवलं.

खत जाऊन चार दिवस झाले आणि टारफुल्याची पाहणी करत शेतीखात्याची बाई माझ्याकडे आली. तिने उकिरड्यातलं मूठभर शेण बादलीत कालवलं, बारीक चाळणीतून गाळलं आणि तळाचा गाळ कागदावर पसरून भिंगाखाली धरला.

"बघा, मावशी."

मी बघितलं. तपकिरी धुळीसारखे कण होते. मी म्हटलं, "माती आहे ही."

"माती नाही, टारफुल्याचं बी आहे. म्हशीच्या पोटातून जसंच्या तसं बाहेर येतं. एका झाडाला हजारोंनी धरतं आणि जमिनीत दहा-पंधरा वर्षं वाट बघत पडून राहतं. हे खत कुठं टाकलंत का?"

"नाही," मी म्हटलं. इतक्या चटकन म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं.

ती म्हणाली, "नशीब. टाकलं असतं तर तिथं ज्वारी अजिबात पेरायची नाही. कापूस किंवा भुईमूग घ्यायचा. त्यांच्या मुळाच्या वासानेही हे बी उगवतं, पण त्यांना चिकटता येत नाही, म्हणून उपाशी मरतं. असं तीन-चार वर्षं केलं की जमिनीतलं बी हळूहळू कमी होतं."

धाकटीच्या पेरणीला अजून आठ दिवस होते. एक फोन पुरला असता. मी रोज फोन हातात घ्यायची आणि रोज जीभ रेटायची नाही. सहा गाड्यांची फुशारकी मारून झाली होती ना! आता कुठल्या तोंडाने सांगू, की मी तुला खत नाही, रोग पाठवलाय? नवव्या दिवशी तिचाच फोन आला. "ताई, झाली बरं का ज्वारी पेरून. तुझ्या खताने माती कशी लोण्यासारखी झालीय!" मी मूग गिळून बसले.

पुढे मी फोनवर विचारायची, पीक कसं आहे? ती म्हणायची, झकास. मी स्वतःची समजूत घालायची, की बी मेलं असेल, ती बाई उगाच घाबरवत असेल. असे तीन महिने काढले. शेवटी न कळवता तिच्या रानात गेले.

आदल्या दिवशीच पाणी दिलेलं होतं. पाय चिखलात रुतत होते, आणि ज्वारी मात्र महिनाभर पाणी न मिळाल्यासारखी माना टाकून उभी होती. पानं कडेने करपलेली, ताटं जेमतेम कमरेएवढी. मी एक ताट मातीसकट उपसलं. मुळांना पांढरे, मऊ कोंब लटकलेले होते. एका मुळाला मी अकरापर्यंत मोजले आणि पुढे मोजवेना.

धाकटी बांधावरून आली. हात कोपरापर्यंत मातीने भरलेले, डोक्यावर भारा. मला बघून दचकली. भारा तिने पाठीमागे ठेवला, लहानपणी चोरलेला गूळ लपवायची तसा.

"ताई, फोन तरी करायचास."

"काय आहे त्यात?"

ती म्हणाली, "अगं, टारफुला निघालाय थोडा. दीड महिना झाला, रोज सकाळी उपटते. तुझ्या खतातूनच आला असेल, हे मला कळलं होतं. पण तू एवढ्या मायेने दिलंस, तुझ्या जिवाला लागेल, म्हणून कुणाला बोलले नाही. ह्यांनासुद्धा नाही."

मला रडू फुटलं. मी तिला सगळं सांगितलं: भिंग, धूळ, ते आठ दिवस. तिने मी उपसलेलं ताट उचललं आणि मुळावरचे कोंब एकेक करून तोडले. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"किती वर्षं राहतं म्हणालीस?"

"दहा. पंधरासुद्धा."

"म्हणजे मी साठीची होईन."

मी भारा पुढे ओढला. इवल्या पांढऱ्या फुलांखाली बोंडं होती, काही पिकून उकललेली. "हे उपटलेलं तू जाळतेस कुठं?"

"जाळते कशाला?" ती म्हणाली. "एवढं हिरवं गवत! म्हशीला घालते."

"आणि शेण?"

तिने मान वळवून पलीकडे बघितलं. त्या बाजूला तिने पुढच्या हंगामासाठी राखलेला तुकडा होता, माझ्या खताचा कण न पडलेला. त्यावर ओळीने शेणाचे छोटे ढीग टाकलेले होते. जवळचे काही पसरून झाले होते. फावडं तिथंच मातीत उभं होतं.

"तू तेव्हाच बोलली असतीस तर..." ती एवढंच म्हणाली.

आम्ही पसरायचे राहिलेले ढीग पोत्यांत भरले. पसरलेलं कसं भरणार? संध्याकाळी भारा जाळायला घेऊन गोठ्यावरून निघालो, तर म्हैस दाव्याला हिसके देत हंबरायला लागली. रोज याच वेळेला तिला तो चारा मिळायचा.