मागच्या सीटवरचं वजन

अपघातात गेलेल्या लेकीच्या हॉस्टेलच्या खोलीतलं सामान गाडीत मागे कोंबून नवरा-बायको घरी निघाले होते. त्या रात्री समोरच्या गाडीने दिव्यांचा अप्पर, म्हणजे वरचा झोत, चालूच ठेवला होता, लेकीचे डोळे दिपले आणि तिची स्कूटर पुलावरून खाली गेली होती. आता मात्र समोरून येणारा जो तो बापालाच चिडून दिवे मारत होता.

"अहो, डिपरवर आहात ना?"

"आहे गं! शपथ घेऊ का आता?"

"मग तिची पुस्तकं जड झालीत. गाडीचं तोंड वर झालंय."

त्याने गाडी कडेला थांबवली आणि स्टिअरिंगजवळचं छोटं चाक फिरवून दिव्यांचा झोत खाली आणला. पुन्हा निघाल्यावर समोरून आलेला ट्रक दिवे न मारता गेला.

"बघ, त्याला नीट दिसलं," तो म्हणाला आणि गाडी पुन्हा कडेला घेऊन हमसून रडू लागला.