‘दार’चं उत्तर

नवरदेवाची दाढी चालली होती तेव्हाच भांडण पेटलं. अंगणात खुर्ची मांडून न्हावी फेस लावत होता, पोरं टाळ्या पिटत होती, आणि भिंतीशी कॉफीचे पेले घेऊन उभे असलेले नाइफ आणि धीब हलक्या आवाजात एकमेकांची सालं काढत होते.

गालीलच्या त्या डोंगराळ पट्ट्यातल्या अरब गावांत बावीस वर्षं ही जोडी लग्नांतून गात होती. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. लग्न ठरलं की आधी या दोघांची तारीख धरायची आणि मग मांडववाल्याची, इतकं त्यांचं नाव. नाइफ दोन वर्षांनी थोरला, आवाज पितळेच्या घंटेसारखा. धीबचा आवाज बारीक, पण डोकं तेज. एका गल्लीत वाढलेले. चारचौघांत लोक त्यांना मुलांच्या नावांवरून मानानं हाक मारत: नाइफ तो अबू इहाब, म्हणजे इहाबचा बाप, आणि धीब तो अबू सुहैल. आपसात मात्र ते सरळ नावानं हाका मारायचे.

म्हणून त्या सकाळी नाइफ म्हणाला, "अबू सुहैल, लेक कधी गेली?" तेव्हाच धीबला कळलं की आता काही खरं नाही.

"मंगळवारी," धीब म्हणाला.

"मंगळवारी. आणि शुक्रवारी आम्ही मागणीची ताटं घेऊन तुझ्या दारात येणार होतो, ते माहीत होतं तुला?"

माहीत होतं. धीबची नजाह आणि नाइफचा इहाब यांचं लग्न व्हायचं, असं दोन्ही घरांत वर्षानुवर्षं बोललं जायचं. शब्द दिला-घेतला नव्हता, लग्न ठरताना वाचतात तो फातिहा वाचला नव्हता, पण बायकांनी गृहीतच धरलं होतं. मग नजाहला इटलीत डॉक्टरकीला जागा मिळाली. ती बापासमोर बसून म्हणाली, "बाबा, मला जायचंय. आणि इहाबशी लग्न नाही करायचं. तो वाईट नाही, पण नाही." धीब रात्रभर जागला आणि सकाळी हो म्हणाला. नाइफला सांगायचं मात्र आज-उद्या करत राहिला. शेवटी नाइफच्या बायकोला ही बातमी भट्टीवर, पावाच्या रांगेत कळली.

"सांगणार होतो रे," धीब म्हणाला.

"ज्याला पोर आवरता येत नाही," नाइफ म्हणाला, आणि हे जरा मोठ्यानंच, "त्याला यमक काय आवरणार!"

न्हाव्याचा वस्तरा थांबला. धीबनं पेला खाली ठेवला. "तुझ्या पोराला कोणी नाही म्हटलं, तर त्यात माझा काय गुन्हा?"

पुढे आणखी काय झालं असतं कोण जाणे, पण नवरदेवाचा चुलता हाजी मुतलक मध्ये पडला. "अहो, माझ्या घरचं कार्य आहे! तोंडं धुवा आणि माइक घ्या."

दुपार कलल्यावर खळ्यावर पुरुषांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहिल्या. खांद्याला खांदा लावलेले साठ-सत्तर जण, मधे चार पावलांची मोकळी गल्ली, आणि त्या गल्लीत लांब तारेचे माइक घेऊन हे दोघं. वर गच्चीवर बायका. घोड्यावर नवरदेव.

या गाण्याचे नियम कुठे लिहिलेले नाहीत, पण रांगेतल्या प्रत्येकाला पाठ असतात. एकानं दोन ओळी गायच्या. रांगा टाळ्यांच्या ठेक्यावर पालुपद म्हणतात, आणि ते पालुपद संपायच्या आत दुसऱ्याचं उत्तर तयार पाहिजे. म्हणजे आठ टाळ्या, त्यापलीकडे सवड नाही. उत्तर त्याच चालीत, त्याच यमकात, पण एकदा वापरलेला शब्द पुन्हा आणायचा नाही. विषय लोकांनी द्यायचा. दोघांनी दोन बाजू घेऊन भांडायचं, वाटेल तसे टोमणे मारायचे, फक्त समोरच्याच्या घरातल्या बाईबापडीला गाण्यात ओढायचं नाही. आणि यजमानानं हात वर केला की आपली बाजू सोडून समोरच्याच्या बाजूची वाखाणणी करून गाणं मिटवायचं.

"विषय द्या!" नाइफ गरजला.

सकाळचं ज्यांना ठाऊक नव्हतं, अशा पाहुण्यांतून कोणीतरी ओरडलं, "राहणारा आणि जाणारा!"

जुनाच विषय होता, शंभरदा गायलेला. आज मात्र तो धीबच्या घरचा होता. नाइफ थोरला, बाजू निवडायचा मान त्याचा. त्यानं राहणाऱ्याची बाजू, म्हणजे जैतुनाची, ऑलिव्हच्या झाडाची, घेतली आणि धीबकडे न बघताच सुरुवात केली:

"जैतून उभा कड्यावरती, मुळं रोवून खोल,
सोडून गेला त्याला विचारा, मातीचं काय मोल!"

रांगांनी पालुपद उचललं. धीबनं टाळ्या मोजल्या. पाचव्या टाळीला त्याला ‘गोल’ मिळाला, सातवीला ‘ओल’.

"कासव म्हणतं पाठीइतकं जग हे सारं गोल,
नदी निघाली घर सोडून, म्हणून रानात ओल!"

हशा उसळला. "कासव! अबू इहाब, ऐकलंस का?" रांगा डुलायला लागल्या. नाइफ हसला नाही. एरवी असा टोला बसला की तो धीबच्या खांद्यावर थाप मारायचा. आज तो गल्लीच्या दुसऱ्या टोकाला गेला, तारेला एक झटका दिला आणि वळला. चेहरा लाल झालेला.

धीबनं त्याचा श्वास ऐकला. बावीस वर्षांत त्या श्वासावरून पुढची ओळ कुठे जाणार ते त्याला आधीच कळायचं. आताही कळलं, आणि त्याला वाटलं, नको, नाइफ, नको.

"ज्याच्या घराचं उघडं असतं रात्रंदिवस दार,
त्याच्या अंगणीचं पाखरू जातं सात डोंगरांपार!"

पालुपद आलंच नाही. म्हणजे पहिल्या दोन-चार जणांनी तोंड उघडलं आणि मिटलं. टाळ्या विस्कटल्या, मग बंद पडल्या. सगळ्यांना कळलं होतं, पाखरू कोण. गच्चीवर एक बाई मोठ्यानं म्हणाली, "ऐब! लाजिरवाणं आहे हे!" तिच्या शेजारी धीबची बायको कठड्याला धरून उभी होती. तिनं ओढणी तोंडावर घेतली होती.

घोड्यावरचा नवरदेव काय करावं न सुचून चुलत्याकडे बघत होता. हाजी मुतलकनं हात अर्धवट उचलला होता. तो पूर्ण वर गेला असता तर गाणं तिथेच संपलं असतं. धीबनं त्याला डोळ्यांनीच थांबवलं.

कारण ओळ तयार होती. यमक ‘आर’चं. डाव्या रांगेत, चौथ्या जागी इहाब उभा होता. दोनदा परीक्षा नापास, दोन वर्षं घरी बसलेला. ‘बेकार’ हा शब्द धीबच्या जिभेवर आपणहून येऊन बसला होता. ‘नकार’ त्याच्या जोडीला होताच. दोन ओळींत पोराची आणि बापाची अब्रू त्याच खळ्यावर झाडून टाकता आली असती. रांगा नाइफवर चिडलेल्या होत्या. त्यांनी असं पालुपद उचललं असतं की खालच्या गावापर्यंत ऐकू गेलं असतं.

इहाबनं मान खाली घातली होती. त्यालाही कळलं होतं, कुठला शब्द येणार.

धीबनं माइक तोंडाशी नेला, दुसरा हात कानावर ठेवला आणि लांब "ओऽऽफ" लावला.

रांगांत कुजबुज झाली. हे वेगळंच गाणं. याला ठेका नसतो, टाळी नसते. एकट्या गळ्यानं चार ओळी म्हणायच्या. पहिल्या तिन्हींच्या शेवटी एकच शब्द, पण दर वेळी अर्थ वेगळा, आणि चौथी ‘आब’वर नेऊन सोडायची. मैफलीच्या सुरुवातीला हे गातात, भर भांडणात कोणी गात नाही.

"हे काय मधेच?" मागून एक जण ओरडला. "आधी ‘दार’चं उत्तर दे! पळतोस काय?"

"पळाला, पळाला!" दुसरा म्हणाला.

धीबनं ते ऐकलं. पण लावलेला सूर त्यानं सोडला नाही. आवाज थरथरला, तो त्यानं थरथरू दिला.

"तुझ्यासमोर, थोरल्या भावा, झुकली माझी मान,
आधी तुला सांगायचं होतं, तो तुझाच होता मान,
चूक ती माझी, पदरात घे, माझं एवढं मान,
पण लेकीच्या मनाचा, सांग, मी कसा देऊ जबाब?"

 मग उजव्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं "अल्लाह!" म्हटलं. तिसऱ्या ‘मान’पाशी अर्थ उलगडला की अशी दाद येते. ती इथे एक ओळ उशिरा आली, कारण लोक शब्दाकडे नाही, माणसाकडे बघत होते. एवढ्या जमावात, माइकवर, अबू सुहैलनं आपली चूक कबूल केली होती. आणि मूळ मुद्द्यावरून तसूभरही हटला नव्हता.

आता पाळी नाइफची. चार ओळींना चारच ओळींनी उत्तर द्यायचं असतं, आणि शब्द आपला, नवा लागतो. नाइफ हातातल्या माइककडे बघत राहिला. एवढा वेळ तो कधीच घेत नसे. धीबला वाटलं, आता हा माइक खाली ठेवणार, रांग फोडून निघून जाणार, आणि बावीस वर्षं इथेच संपणार. 

मग नाइफनं कानावर हात ठेवला. त्याची घंटा त्या दिवशी फुटकी वाजली.

"शुक्रवारची घरात साऱ्यांनी पाहिली होती वाट,
पावाच्या रांगेत कळलं, लागली जिवाची वाट,
जाऊ दे पोरीला, देव करो मोकळी तिची वाट,
पण भट्टीवरच्या बायकांत गेला रे माझा आब!"

शेवटचा ‘आब’ त्यानं लांबवला नाही. तोडला. तो शब्दच त्याचं सगळं दुखणं होतं, हे धीबला तेव्हा कळलं. पोरगी गेली याचं दुःख नाइफला होतं, पण त्याहून जास्त हे, की ज्याच्या श्वासावरून आपल्याला ओळ कळते त्यानं आपल्याला काहीच कळू दिलं नाही.

गच्चीवर कोणीतरी लग्नात देतात तशी बारीक ललकारी दिली, बाकीच्या बायकांनी ती उचलली. हाजी मुतलकनं हात वर केला. आता मिटवणं भाग होतं. रांगांनी टाळ्या धरल्या. नाइफनं जाणाऱ्याची बाजू घेतली, धीबनं राहणाऱ्याची. धीब गायला की जैतून नसता तर पाखरानं परतून बसायचं कुठे. नाइफ गायला की पाखरू नसतं तर झाडाला दूरच्या मुलखाची खबर कोण देणार. ठेका बरोबर, यमक बरोबर, पण दोघांच्यात अंतर चार पावलांचंच राहिलं. खांद्यावर थाप पडली नाही. लोकांना तेवढं पुरलं. वरात पुढे निघाली, घोडा हलला.

तारा गुंडाळायला दोघं मागे राहिले. 

"माझी ती ओळ," नाइफ म्हणाला, "पाखराची. ती तोंडातून जायला नको होती."

"गेली खरी."

"तुझ्याकडे ‘बेकार’ होता ना?"

धीब तार गुंडाळत राहिला.

"मला दिसला तो तुझ्या तोंडावर." नाइफनं तारेची गाठ सोडवली. "इहाबलाही दिसला."

वरातीचा आवाज दूर गेला. नाइफनं माइकच्या पेटीचं झाकण लावलं आणि तसाच वाकलेला असताना विचारलं, "पोचली का ती नीट?"

"पोचली. काल फोन आला. म्हणते, जेवणाला चव नाही तिथे."

"हं." नाइफ उभा राहिला. "घरी येऊ नकोस लगेच. इहाबची आई अजून तापलेली आहे. माझंही मन साफ झालेलं नाही, खोटं कशाला बोलू?"

"मग कधी येऊ?"

नाइफनं पेटीचा एक कान धरला. दुसरा धरायला धीब पुढे झाला.

"मी सांगेन तुला," नाइफ म्हणाला. "उचल, धीब. वरात लांब गेली."

दोघांनी पेटी उचलली आणि उतार उतरायला लागले.